एक लोगो, तीन वस्तू आणि छत्तीस मिलिमीटर

आपल्या मंडळाच्या अंकात पेन, डायरी आणि मग यांच्यावर लेख? असं संपादकांनीही विचारलं. पण कंपन्या, बँका, पतसंस्था दरवर्षी वाटतात तो हा गिफ्ट सेट म्हणजे शेवटी छापलेला मजकूरच असतो, आणि आपल्या बेळगावात तर तो बऱ्याचदा एकाहून जास्त लिप्यांत असतो. तो नीट बसवायला किती विचार लागतो हे मी शहापुरात मामांच्या दुकानात बसून पाहिलंय. मामा छपाई आणि गिफ्ट आयटमचा व्यवसाय करतात. सुट्टीत मी तिथे प्रूफं वाचते आणि कॉम्प्युटरवर थोडं काम करते.

ज्या ऑर्डरबद्दल लिहिते आहे ती एका पतसंस्थेची होती. रौप्यमहोत्सवासाठी १५० सेट हवे होते. प्रत्येक सेटमध्ये धातूचं पेन, निळ्या कव्हरची ए-फाइव्ह डायरी आणि पांढरा मग, आणि तिघं एका खोक्यात. लोगोमध्ये वर समईचं चिन्ह आणि त्याखाली संस्थेचं नाव तीन ओळींत : मराठी, कन्नड, इंग्रजी. सेक्रेटरी साहेबांची अट साधी होती : "तिन्ही वस्तूंवर लोगो एकाच जागी पाहिजे."

ऐकायला सोपं वाटतं. पण "एकाच जागी" म्हणजे काय? डायरी सपाट आहे, १४८ मिलिमीटर रुंद आणि २१० उंच. मग गोल आहे, उंची ९५ आणि व्यास ८२. पेन तर १० मिलिमीटर जाडीची नळी. डायरीवर वरून ७० मिलिमीटरवर असलेली वस्तू मगावर वरून ७० वर ठेवली तर ती बुडाशी जाते, आणि पेनवर ती जवळपास मधोमध येते. म्हणजे मापं एकसारखी ठेवून जागा एकसारखी होत नाही. आधी काय एकसारखं ठेवायचं ते ठरवावं लागतं, मग प्रत्येक वस्तूचं माप वेगळं काढावं लागतं.

मामांचा नियम असा : चिन्हाचा मध्य वस्तूच्या उंचीच्या वरच्या एक तृतीयांशावर. नाव चिन्हाखाली. ज्या वस्तू खोक्यात शेजारी दिसणार त्यांच्यावर लोगोचा आकार सारखा, वस्तूच्या प्रमाणात नाही. हा शेवटचा भाग मला सुरुवातीला पटला नव्हता. मग डायरीहून लहान, तर लोगोही लहान हवा ना? पण झाकण उघडल्यावर डोळा वस्तूंची तुलना करत नाही, दोन लोगोंची करतो. एक ५६ मिलिमीटर आणि शेजारचा ३१ असला की दुसरा चुकून लहान झाल्यासारखा वाटतो. म्हणून डायरी आणि मग दोन्हींवर लोगोची रुंदी ५६ आणि चिन्हाची २४ ठेवली.

डायरीपासून सुरू करते, कारण ती सगळ्यात सोपी. २१० चा एक तृतीयांश ७०, तर चिन्हाचा मध्य वरून ७० वर. आडवा मध्य १४८ चा निम्मा, म्हणजे ७४. पण इथे एक बारीक गोष्ट आहे. कव्हरच्या डाव्या बाजूला, बाइंडिंगजवळ, घडीची खाच असते. आमच्या डायरीत ती कडेपासून १२ वर होती. उजवीकडे डायरी बंद ठेवणारा इलॅस्टिकचा पट्टा येतो, तो १३० वर. डोळ्याला दिसणारं मोकळं मैदान १२ ते १३०, आणि त्याचा मध्य ७१. तीन मिलिमीटर डावीकडे. पट्टीने मोजलं तर लोगो चुकीचा, डोळ्याने पाहिलं तर बरोबर. मामांनी ७१ धरलं आणि ऑर्डरच्या कागदावर तसं लिहूनही ठेवलं, नाहीतर कोणीतरी नंतर मोजून भांडायला येतो.

डायरीवर छपाई नव्हती, सोनेरी फॉईल होतं. धातूचा ब्लॉक तापवतात, त्याच्या आणि कव्हरच्या मध्ये फॉईलची पट्टी असते, दाब दिला की उठावाच्या जागी सोनेरी थर कव्हरला चिकटतो. या पद्धतीत बारीक जागा बुजतात. आमच्या ब्लॉकवाल्याचा नियम होता की ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा नको आणि तितकीच मोकळी जागाही हवी. देवनागरीत हे लगेच जाणवतं. श, ष, क्ष यांच्या गाठी आणि जोडाक्षरांमधल्या फटी आधी भरतात. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लहान आकारात लोंबतो, तो आणखी बारीक. इंग्रजी कॅपिटल अक्षरं मात्र त्याच उंचीत ऐसपैस बसतात, कारण त्यांना वर वेलांटी नाही आणि खाली उकार नाही. तीन ओळींची उंची समान दिली तर इंग्रजी ओळ मोठी दिसते आणि बाकी दोन दबलेल्या. म्हणून ओळींची उंची नव्हे, अक्षराच्या अंगाची उंची जुळवायची : देवनागरीत शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत, कन्नडमध्ये मुख्य अक्षराची, इंग्रजीत कॅपिटलची. मात्रा आणि उकारांना लागेल तेवढी जागा वेगळी सोडायची. हे केल्यावर इंग्रजी ओळ जरा लहान झाली आणि तिन्ही सारख्या वजनाच्या दिसू लागल्या.

आता मग. लोगो सरकलेले मग तुम्ही नक्की पाहिले असतील, पण का सरकतो हे बहुतेकांना सांगता येत नाही.

पांढऱ्या मगावर सहसा सब्लिमेशनने छापतात. विशेष शाईने कागदावर उलटं, आरशातलं चित्र छापायचं, तो कागद मगाभोवती गुंडाळून उष्णतारोधक टेपने पक्का करायचा आणि तापणाऱ्या पट्ट्यात दाबून ठेवायचा. १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास शाईतला रंग वायू होऊन मगावरच्या पॉलिमरच्या थरात शिरतो. काही मिनिटांचं काम. साधा चिनी मातीचा मग चालत नाही, तो थर दिलेलाच हवा.

मगाचा व्यास ८२, म्हणजे घेर सुमारे २५७ मिलिमीटर. कागद मात्र २०० चा, कारण कानाजवळ दाबाचा पट्टा पोहोचत नाही. (मगाच्या मुठीला आमच्याकडे कान म्हणतात, कपाचा कान तसा.) कागद कानाच्या एका बाजूपासून सुरू होऊन फिरून दुसऱ्या बाजूला संपतो. उरलेले ५७ मिलिमीटर कानाच्या दोन्ही अंगांना निम्मे निम्मे, प्रत्येकी २८ च्या जरा वर.

लोगो कुठे हवा? मग उजव्या हातात धरला, कान बरोबर उजवीकडे असला, तेव्हा पिणाऱ्याला समोर दिसणाऱ्या भागाच्या मध्यावर. हा भाग कानापासून पाव वर्तुळ दूर आहे. घेराचा चौथा भाग ६४ मिलिमीटर. त्यातले २८ कागदाच्या बाहेर गेले, उरले ३६. म्हणजे कागद सरळ वाचताना उजव्या कडेपासून ३६ मिलिमीटरवर लोगोचा मध्य. लोगो ५६ चा, तर तो उजव्या कडेपासून ८ वर संपतो आणि ६४ वर सुरू होतो.

पण स्क्रीनवर २०० चा आयत पाहिला की हात आपोआप काय करतो? आयताचे दोन भाग करतो, उजव्या भागाचा मध्य काढतो, आणि तो येतो कडेपासून ५० वर. स्क्रीनवर अगदी सुंदर दिसतं. दोन्ही बाजूंना लोगो असेल तर आणखीच सुंदर, सगळं समान अंतरावर. मगावर मात्र लोगो १४ मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे जवळपास २० अंश फिरतो. कान उजवीकडे धरून पाहिलं तर लोगो डावीकडे वळलेला, जणू कोणी मान फिरवून बसलंय. कारण एवढंच की कागद पूर्ण घेर व्यापत नाही आणि स्क्रीनवर कान दिसत नाही. मामा म्हणाले, "कागदाच्या मध्यावरनं मोजू नको, कानावरनं मोज." दुकानातल्या सगळ्या टेम्प्लेटमध्ये आता कागदाच्या बाहेर कानाची रेषा काढून ठेवली आहे, छापली न जाणारी.

त्यातून चित्र उलटं छापायचं असल्यामुळे उजवं-डावं बदलतं. सरळ पाहताना उजव्या कडेपासून ३६ असलेला मध्य छापून आलेल्या कागदावर डाव्या कडेपासून ३६ वर दिसतो. ते बरोबर आहे. ते पाहून घाबरून कोणी लोगो दुसऱ्या बाजूला नेला, तर तो डावखुऱ्यांचा मग होतो.

लोगो रुंदीला किती मोठा चालेल हेही गोलाईवर ठरतं. मगाचा अर्धा घेर आपल्याला समोरून दिसतो खरा, पण कडेला अक्षरं आकसतात. ५६ मिलिमीटरचा लोगो समोरून सुमारे ५२ चा दिसतो आणि त्याच्या अगदी टोकाचं अक्षर आपल्या मूळ रुंदीच्या पाऊण भागापेक्षा थोडं जास्त. हे डोळ्याला चालतं. ९० चा लोगो टाकला तर तो दिसतो ७३ चा आणि टोकाचं अक्षर निम्म्याहूनही अरुंद. मग वाचण्यासाठी मग फिरवावा लागतो. या मापाच्या मगावर साठाच्या वर जायचं नाही असा दुकानाचा शिरस्ता आहे. लांबलचक संस्थांची नावं एका ओळीत टाकायचा आग्रह होतो तेव्हा मामा वाद घालत नाहीत, कागद गुंडाळून मग हातात देतात.

उंचीचं सोपं आहे. ९५ चा एक तृतीयांश जवळपास ३२. चिन्ह २४ चं, तर ते वरून २० ते ४४ मध्ये बसतं आणि नावाच्या ओळी त्याखाली. वरच्या आणि खालच्या कडेजवळ दाब कमी पडतो, तिथे रंग फिका येतो, म्हणून १० मिलिमीटर सोडायचेच.

सेक्रेटरी साहेबांचा एक प्रश्न मला आवडला होता : "पिणाऱ्याला दिसतोय, समोर बसलेल्याला काय दिसणार?" खरंच, मीटिंगमध्ये मग हातात धरलेल्या माणसाचा लोगो त्यालाच दिसतो. समोरच्याला दिसते ती पाठ, आणि ती कोरी. सब्लिमेशनमध्ये कागद तोच, दाब तोच, त्यामुळे पाठीवर आणखी एक चिन्ह छापायला जवळपास काहीच जास्त पडत नाही. सरळ वाचताना डाव्या कडेपासून ३६ वर नुसती समई टाकली, त्याच उंचीवर. डावखुऱ्या माणसाला पिताना ती दिसते, हाही फायदा.

रंगाचा प्रश्न मात्र सुटणारा नव्हता, तो मान्यच करावा लागला. संस्थेला सगळीकडे सोनेरी हवं होतं. सब्लिमेशनमध्ये चमकणारा सोनेरी नसतो. नेहमीच्या चार शाया मिसळून काढलेला सोनेरी म्हणजे मोहरीसारखा पिवळट-तपकिरी. फॉईलच्या शेजारी तो इतका मळका दिसतो की दोन वेगळ्या संस्था वाटाव्यात. म्हणून रंग उलटा केला : डायरीवर निळ्यावर सोनेरी, मगावर पांढऱ्यावर तोच डायरीचा निळा. रंग बदलला तरी लोगो एकच वाटतो, अट एवढीच की त्याची एकरंगी आवृत्ती आधी नीट काढलेली हवी. मूळ लोगोत समईच्या ज्योतीला पिवळ्यातून केशरीकडे जाणारी छटा होती. एकरंगीत छटा टिकत नाही. ज्योत आणि समई एकच डाग होऊन बसली असती, म्हणून दोघांमध्ये अर्धा मिलिमीटर फट ठेवली.

पेनवर मात्र वाद झाला, आणि तो मापांचा नव्हता.

पेनच्या दांड्यावर छापायला साधारण ४५ बाय ७ मिलिमीटरची पट्टी मिळते. सात मिलिमीटरच का, तर १० जाडीच्या नळीवर त्याहून रुंद काही टाकलं की ते दोन्ही बाजूंना वळून नाहीसं होतं. त्या सातात तीन लिप्यांच्या तीन ओळी बसवायच्या तर एका ओळीला दोनच्या थोडं वर मिळतात. त्यात मात्रा, उकार, दोन ओळींमधली जागा काढली की देवनागरी अक्षराचं अंग उरतं सुमारे एक मिलिमीटर. मी प्रिंट काढून दाखवलं. मराठी ओळ मुंग्यांची रांग दिसत होती आणि कन्नड ओळीखालची लोंबती अक्षरं इंग्रजीच्या डोक्यावर आपटत होती.

मग एकाने सुचवलं, पेनवर फक्त मराठी टाका, सभासद बहुतेक मराठीच आहेत. दुसरे म्हणाले, फक्त इंग्रजी टाका, म्हणजे कोणालाच काही वाटणार नाही. तिसरे म्हणाले, आपण कर्नाटकात आहोत, कन्नड सोडून कसं चालेल? आपल्या गावात हा विषय कुठे जातो हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. दुकानात दहा मिनिटं कोणी चहा प्याला नाही. शेवटी एक वयस्कर संचालक म्हणाले, "एक गाळली तर दोघं विचारणार. तिन्ही गाळल्या तर कोणी विचारत नाही."

मला तो तोडगा नुसता शहाणपणाचा नाही, मांडणीच्या दृष्टीनेही बरोबर वाटतो. पेनवर नुसती समई, सहा मिलिमीटरची. पूर्ण नाव डायरीवर आणि मगावर तिन्ही लिप्यांत आहेच, पेन त्याच खोक्यात आहे, चिन्ह तेच आहे. पेनवर एकच लिपी ठेवली असती तर तो वेगळा लोगो झाला असता. नुसतं चिन्ह हा त्याच लोगोचा भाग आहे.

नाव गेल्यामुळे आणखी एक अडचण आपोआप गेली. पेनवर मजकूर आडवा धावतो, तेव्हा तो कुठल्या टोकाकडून सुरू करायचा हा प्रश्न असतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या पेनचं टोक खाली डावीकडे असतं, म्हणून त्याला सरळ वाचता यायला मजकूर टोकाकडून सुरू होऊन क्लिपकडे जायला हवा. डावखुऱ्याला तोच मजकूर उलटा दिसतो. नुसती समई मात्र पेनच्या लांबीत उभी ठेवता येते, ज्योत क्लिपच्या बाजूला. पेन उभं धरलं की ती सरळ, हात कुठलाही असो.

ती दांड्यावर नेमकी कुठे? इथे पेन कुठल्या जातीचं आहे ते पाहावं लागतं. आमचं पेन पिळून उघडायचं होतं. अशा पेनचे दोन भाग असतात आणि क्लिप वरच्या भागाला असते. लोगो खालच्या भागावर, क्लिपच्या रेषेत टाकला, तर पेन बंद असताना तो सरळ दिसतो, आणि पिळलं की क्लिप एकीकडे आणि लोगो दुसरीकडे. टोपणाच्या पेनचंही तेच, टोपण दर वेळी वेगळ्या कोनात बसतं. उपाय एकच : क्लिप ज्या तुकड्यावर आहे त्याच तुकड्यावर छापा. आमच्या पेनची लांबी १३८, तिचा एक तृतीयांश ४६. क्लिप वरून ४४ वर संपत होती आणि वरचा भाग ५८ ला. ४६ वर मध्य धरला असता तर समईची ज्योत क्लिपखाली गेली असती, म्हणून मध्य ५० वर घेतला. नियमापासून चार मिलिमीटर ढळलो, पण समई क्लिपच्या बरोबर खाली, मोकळ्या जागेत बसली.

पेनवर शाई नव्हती, लेझर होतं. लेझर वरचा रंगाचा थर उडवतं आणि खालचा धातू उघडा पडतो. रंग आपल्याला निवडता येत नाही, खाली जे असेल ते दिसतं : कुठे चंदेरी, कुठे पितळी. म्हणून आधी एक पेन जाळून पाहिल्याशिवाय ऑर्डर पक्की करायची नाही. आमचं पितळी निघालं, डायरीच्या सोनेरीजवळचं. नशीब.

फाईलबद्दल एवढंच लिहिते, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे. संस्थेकडून लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आला होता. फोटोतून ब्लॉक काढता येत नाही, कडा खडबडीत येतात. मग कुणाकडे तरी मूळ कोरलची फाईल सापडली. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर मूळ फाँट नव्हता, आणि मराठी ओळीतली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली होती, जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत होते. इंग्रजीत फाँट बदलला तरी शब्द तोच राहतो, आपल्या लिप्यांत शब्दच बिघडतो. म्हणून ज्या कॉम्प्युटरवर अक्षरं नीट दिसतात तिथेच ती निवडून `Ctrl+Q` दाबायचं, म्हणजे `Convert to Curves`. अक्षरांची चित्रं होतात आणि पुढे कुठेही हलत नाहीत. पण त्यानंतर त्यात स्पेलिंगची दुरुस्तीही करता येत नाही, त्यामुळे प्रूफ त्याच्या आधी वाचायचं, आणि प्रत्येक लिपी ती रोज वाचणाऱ्यानेच वाचायची. मराठी मी वाचलं. कन्नडसाठी शेजारच्या स्टेशनरीवाल्या काकांना बोलावलं, आणि त्यांनी एक दीर्घ मात्रा पकडली. माझ्या डोळ्यांना ती ओळ शंभर टक्के बरोबर दिसत होती.

खोका शेवटी येतो असं आपल्याला वाटतं, पण त्याचा फोम कापण्याआधी ही सगळी मापं हातात हवीत. कारण झाकण उघडल्यावर तिन्ही समया एका आडव्या रेषेत दिसायच्या असतील तर ते फोमवर ठरतं. डायरीची समई तिच्या वरच्या कडेपासून ७० वर, मगाची ३२ वर, पेनची ५० वर. म्हणजे मगाचा खाचा डायरीच्या वरच्या कडेपेक्षा ३८ मिलिमीटर खाली सुरू करायचा आणि पेनचा २० खाली. मग आडवा निजवायचा, तोंड वरच्या बाजूला, कान उजवीकडे, म्हणजे पूर्ण लोगोची बाजू आकाशाकडे येते. कान डावीकडे गेला की वर येते ती नुसत्या समईची पाठ, म्हणून कानासाठी खाचा उजवीकडेच कापायचा. मग दुसरीकडून बसतच नाही, आणि भरणाऱ्या माणसाला काही सांगावं लागत नाही. पेनच्या खाच्यात क्लिप वर राहील एवढीच जागा. तरी गोल पेन प्रवासात थोडं फिरतं, त्याला इलाज नाही.

माल तपासायला मामा मोजपट्टी घेत नाहीत. जुन्या पोस्टकार्डाचे तीन तुकडे कापून ठेवले होते. पहिला डायरीच्या वरच्या कडेला आणि खाचेला टेकवायचा, त्यातल्या भोकात समई पूर्ण दिसली पाहिजे. दुसरा लांब पट्टी, तिचं टोक मगाच्या कानाच्या मध्यावर धरून मगाभोवती वळवायची, ६४ वरची खूण समईच्या मध्यावर आली पाहिजे. तिसरा पेनच्या क्लिपखाली सरकवायचा. मगावर दोन मिलिमीटरपर्यंत इकडेतिकडे चालतं, कारण कान हाताने चिकटवलेला असतो आणि तोच कधी कधी किंचित तिरका असतो. त्याहून जास्त असेल, किंवा अक्षरांना पुसट जुळी सावली दिसली, तर मग बाजूला. सावली म्हणजे दाबाखाली कागद हलला.

१५० साठी १६० मग छापले होते. सात बाजूला निघाले : चारांवर सावली, दोन सरकलेले, आणि एकाचा कानच वाकडा. त्यातल्याच एकातून मामा आता दुकानात चहा पितात, समई बरोबर भिंतीकडे तोंड करून.